पाटीवरील शब्द आणि आपल्या तोंडची अक्षरे

आमच्या देवस्थानाची वार्षिक स्मरणिका निघते. तीत दोन-चार वर्षांपासून, परदेशी गेलेल्या कुळाव्यांच्या मुलामुलींनी पाठविलेल्या छायाचित्रांसाठी दोन पाने राखून ठेवण्याची प्रथा पडली आहे. यंदा आमच्या भाच्याने लिस्बनहून एक छायाचित्र पाठविले. एका जुन्या घराचे लोखंडी फाटक, त्याच्या खांबावर निळ्या-पांढऱ्या रंगाची चकचकीत कौलाची फरशी, आणि तिच्यावर रोमी मोठ्या अक्षरांत चार शब्द. खाली त्याने लिहिले होते, "मामा, हे छापा. अर्थ सोपा आहे : कुत्र्यापासून सावध. पण संपादकांना देवनागरीत उच्चारही हवा आहे. मी लिहिला आहे, तो तपासून द्या."

त्याने लिहिलेला उच्चार असा होता : ‘कुइदादो कोम ओ काओ’.

पोर्तुगीज आमच्या घरची भाषा नव्हे. तथापि गोव्यात वकिली करणाऱ्यास तिचा संसर्ग चुकत नाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गेली, परंतु १८६७ ची त्यांची दिवाणी संहिता विवाह आणि वारसा यांच्या बाबतीत त्यानंतरही कित्येक वर्षे आमच्या पाठीशी उभी राहिली. आमच्या देवस्थानांच्या महाजनांचे हक्क ज्या १९३३ च्या नियमावलीतून आले, तीही मूळची त्याच भाषेतली. जुने दस्तऐवज वाचता वाचता जेवढी भाषा कानामनात उतरली, तेवढ्या बळावर आम्ही ती ओळ तपासावयास घेतली. काम दहा मिनिटांचे असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात त्यात आठवडा गेला, आणि वकिलीच्या वीस वर्षांत ज्या प्रश्नाकडे आम्ही नीट पाहिले नव्हते, तो प्रश्न त्या फाटकावरच्या कुत्र्याने आमच्यासमोर आणून ठेवला. दुसऱ्याच्या भाषेतला शब्द आपल्या लिपीत लिहून वाचकाच्या तोंडी देताना आपण नेमकी कशाची हमी देत असतो?

आपल्याकडे सार्थ पोथ्या असतात. वर मूळ श्लोक, खाली अर्थ. मूळ आपल्याच लिपीत असल्यामुळे ते म्हणता येते, अर्थ नसला तरी म्हणता येते, आणि कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच म्हटले गेले आहे. परक्या पाटीचे तसे नाही. तिथे मूळ ज्या अक्षरांत आहे ती अक्षरे आपल्या कित्येक वाचकांना ओळखीची असली, तरी त्या भाषेत त्यांचे मोल निराळे असते. म्हणून छायाचित्र आणि अर्थ यांच्या मध्ये आपण उच्चाराची एक ओळ घालतो. ही ओळ मूळही नव्हे आणि अर्थही नव्हे. पण पानावर ती मुळाच्या जागी बसते, आणि वाचक तिला मुळाचाच मान देतो.

येथेच गोम आहे. भाषांतर हे कोणाचे तरी मत आहे हे वाचक जाणतो. शिवाय त्यात चूक झाली तर ती बहुधा अर्थाच्या वासानेच कळते. त्या पाटीचे शब्दशः भाषांतर केले तर ‘सावधगिरी सह तो कुत्रा’ असे काहीतरी होते. ते वाचताच कोणीही म्हणेल की येथे काही तरी राहिले. उच्चाराच्या ओळीला असा आतला पहारा नाही. ‘कोम’ लिहिले काय, ‘कों’ लिहिले काय, न जाणणाऱ्यास दोन्ही सारखीच खरी दिसतात. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर भाषांतर हा उलटतपासणी होऊ शकणारा साक्षीदार आहे. उच्चार हा उलटतपासणी न होणारा. आणि आपण मराठी माणसे देवनागरीच्या बाबतीत जरा जास्तच भोळी. आपली लिपी जसे लिहावे तसे वाचावे अशी आहे, हे आपल्याला शाळेत सांगितलेले असते. वास्तविक जगाला ‘जग’ आणि जगण्याच्या आज्ञेलाही ‘जग’ असे एकाच अक्षरांत लिहून दोन निराळे ‘ज’ आपण रोज उच्चारतो. पण ती गोष्ट आपण विसरतो, आणि छापलेले देवनागरी अक्षर म्हणजे ध्वनीची खरी प्रत असे मानून चालतो.

आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे सांगणे प्राप्त आहे. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका वृद्ध बाईंच्या वारसाहक्काचे काम आमच्याकडे होते. जुन्या पोर्तुगीज नोंदीत त्यांच्या आजेसासऱ्यांचे नाव ‘एक्स’ या अक्षराने सुरू होत होते. आम्ही इंग्रजी शाळेतले. ‘एक्स’ने सुरू होणारा शब्द ‘झ’ने उच्चारायचा हे आमच्या अंगवळणी पडलेले. मराठी तर्जुम्यात आम्ही ‘झेंकोरा’ असे लिहून मोकळे झालो. बाईंच्या घरच्या कागदांत मात्र सर्वत्र शंकर. पोर्तुगीजांत ते अक्षर ‘श’चे असते, आणि आपल्या ऱ्हस्व ‘अ’ला ते कारकून कधी ‘ए’ कधी ‘ओ’ने टिपत, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. परिणाम असा झाला की एक शंकर कागदावर दोन माणसे झाला, आणि आपल्या नवऱ्याचे आजोबा हे तेच होते, दुसरे कोणी नव्हते, हे सिद्ध करण्यासाठी सत्तरी उलटलेल्या त्या बाईंना दोन वेळा तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागले. अर्थात आमच्या चुकीची किंमत त्यांनी मोजली. मूळ नोंद चुकीची नव्हती; तिचे भाषांतरही चुकीचे नव्हते. चुकला होता तो फक्त उच्चार. त्या एका चुकलेल्या शब्दावर कोणालाही शंका आली नाही, कारण तो स्वच्छ देवनागरीत टंकलिखित होता.

त्याच जुन्या कागदांत केशव हे नाव ज्या अक्षरांत येते, ते इंग्रजी वळणाने वाचले तर ‘क्वेक्झोव्हा’ होते. महाजनांच्या मंडळाला त्या नियमावलीत जो शब्द आहे तो ‘मझानिया’. त्या भाषेत ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून महाजनाचा ‘ह’ लिहिताना गळला, आणि आपला दंत्य ‘ज’ त्यांनी आपल्या ‘झेड’ने लिहिला. आज कोणी तो शब्द तसाच देवनागरीत उतरविला तर आपल्या घरचा महाजन आपल्याच घरी परका होऊन येतो. लिपीची सीमा एकदा ओलांडताना थोडे सांडते. परत ओलांडताना उरलेलेही सांडते.

आता त्या फाटकाकडे परत येऊ.

प्रथम छायाचित्रात काय दिसते ते पाहावे लागते. फरशीवर ऊन पडले होते आणि त्याची तिरीप नेमकी शेवटच्या शब्दावर आली होती. त्या शब्दात तीन अक्षरे : ‘सी’, ‘ए’, ‘ओ’. मधल्या ‘ए’वर पोर्तुगीजांत एक लहानशी लाट काढतात. ती तेथे आहे की नाही हे चित्रातून ठरत नव्हते. भाच्याने दिसले तसे वाचले आणि ‘काओ’ लिहिले. शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांचा एक चांगला नियम आहे. झिजलेले अक्षर आपण भरून काढले तर ते चौकटी कंसात ठेवावयाचे, म्हणजे वाचलेले कोणते आणि कल्पिलेले कोणते हे पुढच्यास कळते. येथे लाट भरून काढण्यास हरकत नव्हती, कारण कुत्रा हा शब्द लाटेशिवाय होतच नाही, आणि मागचे तीन शब्द कुत्र्याचीच वाट पाहत आहेत. पण प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. आजोबा आणि आजी यांना त्या भाषेत जे शब्द आहेत त्यांची अक्षरे तीच. फरक शेवटच्या ‘ओ’वरच्या चिन्हात. आजोबा म्हणजे ‘अव्हो’, आजी म्हणजे ‘अव्हॉ’. मोठ्या अक्षरांच्या पाट्यांवर अशी चिन्हे पुष्कळदा गाळतात. ‘आजीचे घर’ की ‘आजोबांचे घर’, हे मग बाजूच्या व्याकरणावरून कळले तर कळले. ते छायाचित्रात आले नसेल, तर उच्चार लिहिणाऱ्याने दोन्ही लिहावेत, किंवा एकही लिहू नये. एक निवडून गप्प बसणे हे खोटी साक्ष देण्याच्या फार जवळ जाते.

लाट ठरली. आता ध्वनी. लाट असलेला ‘ए’ आणि पुढे ‘ओ’ हा जोडस्वर इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजीच्या वाटेने जाणारा मराठी माणूस ‘आओ’ करतो. वास्तविक ह्या ठिकाणी आपण इंग्रजांपेक्षा अधिक श्रीमंत आहोत. तो स्वर आपल्या ‘अ’जवळचा आहे, नाकातून येतो, आणि ओठ मिटत मिटत ‘व’कडे जातो. आता ‘संवाद’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. त्यातला अनुस्वार ‘न’ नाही, ‘म’ नाही. तो नाकातला ‘व’ आहे. मराठीत य, र, ल, व यांच्या आधीचा अनुस्वार असाच वागतो. तेव्हा ‘कंव’ असे लिहिले की मराठी वाचक आपल्याच सवयीने त्या पोर्तुगीज शब्दापाशी जवळजवळ पोहोचतो. कोंकणी वाचकाला तर हा ध्वनी घरचाच. मडगांव हे नाव पोर्तुगीज लेखकांनी त्याच लाटेने लिहिले होते, कारण ‘गांव’मधले नाकातले अक्षर त्यांच्या कानांनी बरोबर टिपले. मराठीने १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘गाव’ लिहावयास सुरुवात केली. कोंकणीने ‘गांव’ ठेवला. पुढे रोमी लेखनातून ती लाटही गळली, आणि आज बाहेरून आलेला प्रवासी ‘मारगाओ’ कोठे असे विचारतो. त्याच शहराच्या रेल्वे स्थानकावर मात्र रोमी अक्षरांतही मडगांव असेच लिहिलेले आहे. एका गावात उतरायचे आणि दुसऱ्या गावाचा पत्ता विचारायचा, अशी त्या बिचाऱ्याची गत होते.

जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे, त्या कुत्र्याशी त्यांच्या भाषेत यमक जुळते ते भाकरीच्या शब्दाचे. तो शब्द आपल्याकडे ‘पाव’ होऊन चारशे वर्षे राहिला आहे. त्याचे नाक मात्र आपण कापून टाकले.

पहिला शब्द अवघड नव्हता. शेवटचा ‘ओ’ आघात नसलेला असल्यामुळे लिस्बनमध्ये ‘उ’ होतो, आणि ‘द’ हा दंत्यच लिहावयाचा, इंग्रजी सवयीचा ‘ड’ नव्हे. म्हणून ‘कुइदादु’. आघात ‘दा’वर आहे. आपल्या लिपीत आघाताला चिन्ह नाही, पण तेथे दीर्घ ‘आ’ असल्यामुळे मराठी जीभ आपोआप तेथे थांबते. ही सोय नशिबाची. प्रत्येक शब्दात ती मिळत नाही.

खरी परीक्षा मधल्या दोन लहान शब्दांची. पहिल्याचा अर्थ ‘सह’. त्याची अक्षरे ‘सी’, ‘ओ’, ‘एम’. दुसरा नुसता ‘ओ’. इंग्रजीतल्या ‘द’सारखे ते नामाआधीचे उपपद. त्या भाषेत शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ ओठांनी उच्चारत नाहीत. मागच्या स्वराला नाकातून काढावे एवढीच ती खूण आहे. पणजी, पेडणे, केपे या नावांच्या पोर्तुगीज लेखनात शेवटी जो ‘एम’ दिसतो तो ह्याच कामाचा. म्हणून आम्ही लिहिले ‘कों’, आणि पुढच्या उपपदासाठी ‘उ’. आमची पूर्ण ओळ झाली : ‘कुइदादु कों उ कंव’. आम्हांस स्वतःचे कौतुक वाटले.

परंतु आपण लिहिलेला उच्चार आपणच वाचून तपासणे म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होणे. आम्हांस मूळ शब्द ठाऊक, त्यामुळे आमची जीभ कागदाकडे न पाहताच बरोबर जाणार. त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने मूळ पाहिलेले नसावे आणि फक्त देवनागरी ओळ वाचावी; दुसऱ्याने ती ओळ पाहिलेली नसावी, फक्त कानाने ऐकावे, आणि त्याची ती भाषा जन्माची असावी. आम्ही आमच्या थोरल्या बहिणीस, म्हणजे भाच्याच्या आईस, ओळ दिली. लिस्बनला भाच्याची घरमालकीण ऐकावयास बसली. दूरध्वनीवर मधे भाचा.

प्रथम भाच्याची स्वतःची ओळ. अक्काने ‘कुइदादो कोम ओ काओ’ असे ठणठणीत वाचले. पलीकडून बाईंना पहिला शब्द कळला, बाकीचे नाही.

मग आमची ओळ. अक्काने वाचली, आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. भाचा म्हणाला, "मामा, त्या म्हणतात, सावध राहायचे ते कोणी? ही बाई तर म्हणते आहे की मी कुत्रा खाते!"

आम्ही चकित झालो. पुन्हा वाचावयास सांगितले, तेव्हा उलगडा झाला. अक्का रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणते. संस्कृतच्या संस्कारात वाढलेल्या जिभेला शब्दाच्या शेवटचा अनुस्वार हा ‘म्’ असतो, आणि पुढे स्वर आला की तो त्यात मिसळतो. ‘कों उ’ हे तिच्या तोंडून सहजच ‘कोमु’ झाले. आणि ‘कोमु’ हा पोर्तुगीजांत अगदी खरा शब्द आहे. त्याचा एक अर्थ ‘सारखा’, दुसरा अर्थ ‘मी खातो’. एका बिंदूने कुत्र्यापासून सावध करणारी पाटी कुत्रा खाणारीची झाली. तीच ओळ शेजारच्या कोंकणी घरात, जिथे शब्दाच्या शेवटी नाकातला स्वर रोजचा आहे, वाचावयास दिली असती तर बरोबर वाचली गेली असती असे आम्हांस वाटते. म्हणजे आमची ओळ चुकली होती असे म्हणता येत नाही, आणि बरोबर होती असेही म्हणता येत नाही. ती एका वाचकासाठी खरी होती आणि दुसऱ्यासाठी खोटी. आणि आमच्या स्मरणिकेचे वाचक तर दोन्ही प्रकारचे.

इंद्रशत्रूची कथा आपल्या परिचयाची आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. मंत्रातला स्वराघात शेवटी असावयाचा तो आरंभी पडला, आणि समास बदलून ‘इंद्र ज्याचा मारणारा’ असा अर्थ झाला. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच ती दिली आहे. लहानपणी आम्ही ती शुद्ध उच्चाराचा धाक म्हणून ऐकली होती. आता तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मंत्राची अक्षरे तीच होती. लिहून काढला असता तर दोन्ही अर्थांचा मजकूर स्वरचिन्हांवाचून एकच दिसला असता. वेदांच्या पोथ्यांतून अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ ज्यांनी घातली, त्यांना अक्षर पुरेसे नाही हे कळले होते. पंचाईत ही की ती खूण वाचावयास गुरू लागतो. स्मरणिकेच्या पानासोबत गुरू पाठविता येत नाही.

आम्ही बिंदूच्या जागी चंद्रबिंदू घातला : ‘कोँ उ’. मराठीत हे चिन्ह आज क्वचितच दिसते, पण हिंदीतल्या ‘हूँ’ आणि ‘माँ’मुळे ते बहुतेकांच्या नजरेखालून गेलेले आहे. अक्काने ते पाहिले, क्षणभर थांबली, आणि ओठ न मिटता वाचले. पलीकडच्या बाईंनी ती चारही शब्दांची ओळ तशीच्या तशी परत उच्चारून दाखविली. त्यांनी एवढेच सांगितले की घाईत बोलणारी माणसे ‘कोँ उ’ असे दोन करतच नाहीत, नुसते ‘कु’ म्हणून पुढे जातात. ते आम्ही सोडून दिले. पाटी कोणी घाईने वाचत नाही.

आमचे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांना हा सारा व्याप हास्यास्पद वाटला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, कुत्रा चावू नये म्हणून अर्थ पुरे आहे. उच्चार घेऊन काय कुत्र्याशी बोलायचे आहे?" त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला अर्थच हवा. परंतु पाटीवर रस्त्याचे नाव असेल, ठाण्याचे असेल, इस्पितळाच्या एखाद्या विभागाचे असेल, तर अर्थ घेऊन त्याने करायचे काय? गाडीवाल्याला तो मराठी अर्थ सांगणार आहे काय? तेथे उच्चारच त्याच्या कामाचा. तो चुकीचा दिला तर न देण्यापेक्षा वाईट, कारण मुळीच नसता तर त्याने छायाचित्रच पुढे केले असते.

आणि अर्थ पुरेसा असतो तेथेही उच्चार एकटा सोडणे धोक्याचे, याचे एक गमतीदार उदाहरण त्याच शहरातले आहे. तेथील दुकानांच्या दारांवर चार अक्षरांचा एक शब्द असतो. त्यात ‘श’साठी तेच ‘एक्स’ आहे, आणि शेवटचा ‘ई’ जवळजवळ गिळतात. उच्चार होतो ‘पूश्’. इंग्रजी जाणणारा कोणीही तो ऐकून दार पुढे ढकलील. त्या शब्दाचा अर्थ मात्र आहे ‘ओढा’. आता स्मरणिकेत ‘पूश् : ओढा’ असे छापले, तर प्रत्येक वाचक म्हणणार की मुद्रकाची डुलकी लागली. दोन्ही बाजू खऱ्या असून एकत्र आल्या की खोट्या वाटतात. तेथे एक वाक्य जास्त लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. ब्राझीलमध्ये हाच शब्द ‘पूशी’ असा म्हणतात. मग कोणता लिहायचा? आमचे मत असे की छायाचित्र जेथले, उच्चार तेथला, आणि तसे स्पष्ट लिहावे.

तेथला म्हटले तरी केव्हाचा, हे उरतेच. आपली ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. आज लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव्ह’ म्हणतात, त्यात ‘च’ नाही. कोणी म्हणेल की आपल्या पूर्वजांनी चुकीचे ऐकले. तसे नाही. पोर्तुगीज प्रथम आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या तोंडीच तेथे ‘च’ होता. पुढे त्यांच्याकडे तो झिजून ‘श’ झाला. आपण ऐकले ते बरोबर ऐकले आणि जपून ठेवले. त्या काळी कोणी तो शब्द देवनागरीत टिपून ठेवला असता, तर आजच्या प्रवाशाच्या तो काही उपयोगी पडला नसता, आणि तरीही तो खोटा ठरला नसता. म्हणून आम्ही आमच्या ओळीखाली कंसात ‘लिस्बनमधील आजचा उच्चार’ असे लिहिण्याचे ठरविले. संपादकांस ते जरा जड वाटले. आम्ही आग्रह धरला.

छायाचित्राखाली जायचा मजकूर शेवटी असा झाला. पहिल्या ओळीत उच्चार, ‘कुइदादु कोँ उ कंव’. दुसऱ्या ओळीत शब्दशः, ‘सावधगिरी – सह – तो – कुत्रा’. तिसऱ्या ओळीत आपल्याकडे अशा जागी लिहितात ते, ‘कुत्र्यापासून सावध’. मूळ शब्द वेगळे छापण्याचे कारण नव्हते, ते चित्रातच होते. फक्त उन्हात हरवलेल्या लाटेबद्दल एक लहानशी टीप घातली.

परवा छापखान्यातून तपासणीचे कागद आले. चंद्रबिंदूच्या जागी साधा बिंदू होता. आम्ही दुरुस्त करून पाठविला; दुसऱ्या खेपेस पुन्हा बिंदूच आला, आणि समासात जुळाऱ्याने पेन्सिलीने नम्रपणे लिहिले होते की मराठीत असे चिन्ह नसते, म्हणून बदलले आहे. आता उद्या सकाळी आम्ही स्वतःच तिकडे जाणार आहोत. अक्का म्हणाली, "मलाही ने. मी त्याला दोन्ही वाचून दाखवते."